कागदाच्या डीलरकडे ३० ऐवजी ६० दिवसांची उधारी मागायची आहे, पत्र कसं लिहू?

पुठ्ठेवाला_नाशिक

अंबड एमआयडीसीत माझं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. क्राफ्ट पेपर एकाच डीलरकडून घेतो, ३० दिवसांच्या उधारीवर. वर्षभर महिन्याला साधारण २० टन रील लागतात. डिसेंबर ते मार्च द्राक्षाच्या पेट्या सुरू झाल्या की ४० टनांवर जातं. नेहमीच्या कंपन्यांचे पैसे पन्नासेक दिवसांत येतात, पण द्राक्षवाले पॅकहाऊस ७५ ते ९० दिवस लावतात. कंटेनर युरोपात पोचून माल विकला गेल्याशिवाय त्यांच्याही हातात काही पडत नाही. लाल समुद्राच्या भानगडीनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हापासून हे आणखी लांबलं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बॉक्सवरचा जीएसटी ५ टक्के झाला आणि कागदावरचा १८. आधी दोन्हीकडे १२ होता. आता कागद घेताना भरलेला कर बॉक्स विकताना पूर्ण वसूल होत नाही, उरलेला खात्यात साचून राहतो.

म्हणून डीलरकडे ६० दिवस मागायचे ठरवलं आहे. हा मसुदा:

"आदरणीय शेठ, सध्या बाजारात मंदी असून आमच्या पार्ट्यांकडून पेमेंट वेळेवर येत नाही. जीएसटीमुळेही अडचण झाली आहे. आपले इतक्या वर्षांचे संबंध लक्षात घेऊन उधारीची मुदत ३० दिवसांवरून ६० दिवस करावी, ही नम्र विनंती."

यात काय घालू, काय काढू? वजन पडेल असं काहीतरी हवं आहे.

---

रंगारी_भोसरी

मागताच येणार नाही. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांच्या वर उधारीच नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. वर इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आहे, थकवलेलं बिल खर्चात धरत नाहीत. तुमचा सीए काय करतोय?

---

मधुकाका

मी यांच्या शेठच्या खुर्चीत बसणारा माणूस आहे. कोल्हापुरात इंडस्ट्रियल केमिकलची डीलरशिप आहे, आयुष्य उधारी देण्यात आणि वसूल करण्यात गेलं. असं पत्र माझ्या टेबलावर आलं तर मी काय करीन ते सांगतो. उधारी वाढवणार नाहीच, उलट चालू उधारीही आवळीन.

कारण पत्रात लिहिलंय की पार्ट्या पैसे देत नाहीत. म्हणजे माझे पैसे अडकण्याची खबर तुम्हीच मला दिलीत. "मंदी" वाचलं की डोक्यात पहिला विचार येतो, हा माणूस अडचणीत आहे, याच्याकडची बाकी आधी काढून घ्या. आणि गंमत म्हणजे तुमची खरी गोष्ट मंदीची नाहीच. काम दुप्पट होतंय म्हणून पैसे कमी पडताहेत. एवढी चांगली बातमी तुम्ही रडगाण्याच्या सुरात सांगितली आहे.

संबंधांचं म्हणाल तर संबंध मला ठाऊक आहेत, ते माझ्या लेजरमध्ये आहेत. मी लेजर उघडून तीनच गोष्टी बघतो. बिल ३० दिवसांचं असताना हा खरंच कितव्या दिवशी देतो. बिलवार देतो की "ऑन अकाउंट" दीड लाख टाकून मोकळा होतो. आणि कधी चेक परत गेलाय का. यात तुमचं उत्तर काय आहे ते आधी इथे सांगा, मग पत्राचं बघू.

---

स्वाती_सोलापूर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. चटणी-मसाल्याचा व्यवसाय आहे, छापील पाऊच घेते. मागच्या वर्षी पाऊचवाल्याकडे मुदत वाढवून मागितली, तो लगेच हो म्हणाला. मला वाटलं किती चांगला माणूस! पुढच्या लॉटमध्ये पाऊचचं सील सुटायला लागलं. माल परत घ्या म्हटलं तर म्हणाला, "ताई, आधी मागचं पेमेंट करा, मग बघू." रोख घेत होते तेव्हा एक फोन केला की माल बदलून यायचा. तर दादा, मुदत मागण्याआधी खराब मालाचं काय करायचं तेही ठरवून घ्या.

---

पुठ्ठेवाला_नाशिक

स्वातीताई, हे अगदी खरं आहे. आमच्या धंद्यात ओली रील देतात. कागद वजनावर विकला जातो, त्यामुळे ओलाव्याचेही पैसे लागतात, आणि बीएफ, म्हणजे कागदाची फुटण्याविरुद्धची ताकद, कमी निघाला तर पेटी थप्पीत खालून दबते. आत्ता मी मॉइश्चर मीटर लावून रील परत पाठवतो. उधारी वाढल्यावर तेवढा आवाज राहील का, याचा विचार केला नव्हता.

मधुकाका, बिलवार देतो. बहुतेक बिलं ३० ते ३५ दिवसांत. मागच्या सीझनला मात्र मार्च-एप्रिलमध्ये ५० दिवसांपर्यंत गेलं होतं. चेक एकदाही परत गेलेला नाही.

---

टॅलीवाला

आधी रंगारींचा मुद्दा, कारण तो अर्धा बरोबर आहे. ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण ती समोरचा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर, म्हणजे स्वतः उत्पादन किंवा सेवा देणारा असेल तर. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण त्याला नाही. पुठ्ठेवाल्यांचा डीलर मिलचा कागद घेऊन विकतो, म्हणजे व्यापारी. तिथे ६० दिवस ठरवायला कायदा आड येत नाही. हाच कागद थेट छोट्या मिलकडून घेतला असता तर ४५ च्या पुढे गेलं की चक्रवाढ व्याज लागू झालं असतं आणि ४३बी(एच)ही. त्यामुळे बिलावर कोणाचं नाव आहे आणि त्याचा उद्यम दाखला काय म्हणतो, ते पाहून घ्या.

आता मूळ गोष्ट. तुम्ही दिवस मोजताय, शेठ रुपये मोजणार आहे. समजा कागद ३६ रुपये किलो. २० टनांचे ७ लाख २० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठ लाख. ३० दिवसांच्या उधारीवर तुमच्याकडे त्याची बाकी साडेआठ लाखच राहते. सीझनला ४० टन घेतलेत आणि ६० दिवस मागितलेत तर महिन्याचे १७ लाख, दोन महिन्यांचे ३४. तुम्हाला वाटतंय आपण दुप्पट मुदत मागतोय. त्याला दिसतंय की साडेआठ लाखांच्या पार्टीला ३४ लाख सोडायचे. चौपट! यावर कोणता डीलर सही करेल?

---

नवा_खेळाडू

माझेही दोन गिऱ्हाइकांकडे सहा महिन्यांपासून पैसे अडकले आहेत. फोन उचलत नाहीत. कोणतं पत्र पाठवावं?

---

मधुकाका

खेळाडू, हा धागा उधारी मागण्याचा आहे, वसुलीचा नाही. तुम्ही वेगळा काढा, तिथे बोलू.

टॅलीवाल्यांनी नेमकं ठिकाण दाखवलं. आता यातून वाट काढायची. पुठ्ठेवाले, तुमचा नेहमीचा २० टन माल नेहमीच्या कंपन्यांना जातो, आणि त्यांचे पैसे येईपर्यंतची तफावत तुम्ही वर्षभर भागवताच आहात. त्याला हात लावू नका. अडचण फक्त द्राक्षाच्या जादा २० टनांची आहे. तेवढ्याच मालाला, तेवढ्याच चार महिन्यांपुरते ६० दिवस मागा. मग बाकी किती होते? नेहमीचे साडेआठ, अधिक जादा मालाचे दोन महिन्यांचे सतरा, एकूण साडेपंचवीस. ३४ च्या जागी साडेपंचवीस ऐकायला किती फरक पडतो बघा. आणि मे महिन्याच्या शेवटी खातं पुन्हा जुन्या जागी येतं, हे डीलरला सगळ्यात जास्त आवडतं. कायमची वाढवलेली मुदत परत कमी होत नाही, हे आम्ही भोगलेलं आहे.

दुसरी गोष्ट. मूळ रकमेला ६० दिवस मागा, पण जीएसटी ३० दिवसांतच द्या. सरकारचा कर आम्हाला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, तुमचे पैसे येवोत न येवोत. उधारी लांबवणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग येतो तो याच तारखेला येतो.

---

टॅलीवाला

काका, राग समजला, पण हिशोब तसा नाही. डीलरला मिलच्या बिलाचं क्रेडिट मिळतं. २० तारखेला खिशातून जातो तो फक्त त्याच्या मार्जिनवरचा कर, तो फार थोडा.

---

मधुकाका

क्रेडिट मिळतं, पण तो कर मी मिलला आधीच रोख देऊन बसलेलो असतो. पैसा माझाच अडकला ना? तुमच्या टॅलीत तो दिसत नसेल.

---

टॅलीवाला

ठीक आहे, अडकतो. त्याची तारीख २० नाही एवढंच म्हणतोय. पण मागणी म्हणून कल्पना उत्तम. तसं केलं तर बाकी होते नेहमीचे साडेआठ, जादा मालाची मूळ रक्कम ७.२० गुणिले दोन म्हणजे १४.४०, आणि एका महिन्याचा जीएसटी १.३०. एकूण २४ लाख २० हजार. "माझी बाकी २५ लाखांच्या वर कधीच जाणार नाही, गेली तर पुढची गाडी थांबवा" असं लिहून देता येतं. दिवसांपेक्षा या एका ओळीने शेठला जास्त बरं वाटेल.

आता त्याला यात तोटा किती? जादा २० टनांचे साडेआठ लाख आणखी ३० दिवस अडकले आणि त्याची सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, १२ टक्क्यांनी धरली तर एक टक्का, साडेआठ हजार रुपये. २० टनांवर वाटले की किलोमागे ४२ पैसे. जीएसटी आधी दिलात तर त्याहून कमी. एवढीच चर्चा आहे! मी तर पत्रातच लिहीन की जादा मालाला किलोमागे ५० पैसे जास्त लावा.

---

मधुकाका

अजिबात लिहू नका. हा पत्ता खिशात ठेवा. शेठ नाही म्हणाला तर बोलताना काढायचा. आणि काढलात तरी रेटमध्ये वाढ मान्य करू नका, वेगळं व्याज म्हणून घ्या. रेट एकदा ५० पैशांनी चढला की सीझन संपल्यावर तो खाली येत नाही, आणि पुढच्या वर्षी बोलणी त्या चढलेल्या रेटपासूनच सुरू होतात.

आणखी एक विचारून घ्या. शेठ मिलला लवकर पैसे देऊन कॅश डिस्काउंट घेतो का? घेत असेल आणि तुमच्यामुळे तो सुटणार असेल, तर त्याचा तोटा ४२ पैशांहून बराच मोठा आहे. मग ५० पैशांत तो ऐकणार नाही आणि तुम्हाला वाटेल शेठ हट्टी आहे.

---

रंगारी_भोसरी

व्यापाऱ्याचं माहीत नव्हतं, बरं झालं. पण मग उलटा प्रश्न. पुठ्ठेवाले स्वतः उत्पादक आहेत, उद्यम असणारच. मग त्या द्राक्षवाल्यांना ४५ दिवस दाखवा की! डीलरपुढे हात कशाला पसरायचे?

---

पुठ्ठेवाला_नाशिक

उद्यम आहे, सूक्ष्ममध्ये. पण सरकारी पोर्टलवर उशिरा पेमेंटची तक्रार टाकली तर पुढच्या सीझनला पेट्यांची ऑर्डर शेजारच्या युनिटला जाईल. दिंडोरी-पिंपळगावकडची पॅकहाऊसं एकमेकांना ओळखतात.

---

टॅलीवाला

तक्रार नका करू, ४३बी(एच) वापरा. त्यात भांडण नाही, त्याचाच फायदा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या तुमच्या बिलांचे ४५ दिवस मार्चच्या मध्यापर्यंत संपतात. ३१ मार्चला ती थकलेली राहिली तर पॅकहाऊसला तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, नफा फुगतो, टॅक्स भरावा लागतो. ३१ मार्चच्या आत दिली तर प्रश्न मिटतो. त्यांच्या अकाउंटंटला उद्यम दाखला पाठवा आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. फेब्रुवारीच्या मध्यानंतरच्या बिलांना मात्र हा दट्ट्या लगेच लागू पडत नाही, त्यांचे ४५ दिवस एप्रिलमध्ये जातात.

मी हे सांगतोय त्याचं कारण डीलरच्या पत्राशीच आहे. शेठचा खरा प्रश्न असतो, पैसे कुठून आणि कधी येणार. "डिसेंबर-जानेवारीच्या पेट्यांचे पैसे मार्चअखेर येतील, कारण पार्टीला वर्षअखेर बिलं मिटवायची आहेत" हे कारण त्याला पटतं, कारण त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही तो तेच बघतोय.

जीएसटीचंही तसंच. नुसतं "जीएसटीमुळे अडचण" लिहिलंत तर तो म्हणेल ती सगळ्या बॉक्सवाल्यांना आहे. आकडा द्या. सीझनला ४० टन कागदावर तुम्ही २ लाख ५९ हजार कर भरता. बॉक्सची विक्री २२ लाख धरली तर ५ टक्क्यांनी १ लाख १० हजार वळते होतात. महिन्याला दीड लाख साचतात, त्यांचा परतावा मागता येतो. अर्ज भरला असेल तर त्याची पोच जोडा. अडचण दाखवण्यापेक्षा हा येणारा पैसा आहे असं दाखवा.

---

मधुकाका

आणि रिटर्न वेळेवर भरा. तुमचा जीएसटी नंबर टाकला की पोर्टलवर कोणती रिटर्न कधी भरली ते कोणालाही दिसतं. मोठी उधारी देण्याआधी आम्ही ते बघतोच. तिथे दोन महिने गाळलेले दिसले की पत्र कितीही सुंदर असो.

मागच्या सीझनचे ते ५० दिवस लपवू नका. त्याच्याकडे तारखा आहेत. उलट तेच तुमचं कारण करा: "मागच्या मार्चमध्ये ठरलेल्या मुदतीपेक्षा २० दिवस उशीर झाला. यंदा तसं होऊ नये म्हणून आधीच विचारतो आहे." न विचारता उशीर करणारे ढीगभर आहेत, आधी येऊन सांगणारा एखादाच असतो.

---

पुठ्ठेवाला_नाशिक

सगळ्यांचं वाचून नवा मसुदा केला. पत्र पाठवणार नाही, स्वतः जाऊन कागद हातात देईन.

"शेठ, येत्या द्राक्ष सीझनसाठी डिसेंबर ते मार्च मला नेहमीच्या २० टनांशिवाय महिन्याला आणखी २० टन कागद लागेल. नेहमीचा माल आहे त्याच ३० दिवसांवर राहील. जादा मालाची मूळ रक्कम ६० दिवसांत आणि जीएसटी ३० दिवसांत देईन. दोन्हीची बिलं वेगळी ठेवावीत. एकूण बाकी २५ लाखांच्या वर जाणार नाही, गेल्यास पुढची गाडी थांबवावी. ३१ मेपर्यंत जादा खातं शून्य होईल. मागच्या मार्चमध्ये २० दिवस उशीर झाला होता, तो यंदा टाळण्यासाठी आधी बोलतो आहे. सोबत दोन पॅकहाऊसच्या ऑर्डर, मागच्या सीझनला त्यांच्याकडून पैसे आल्याच्या तारखा आणि जीएसटी परताव्याची पोच जोडली आहे. रील उतरल्यापासून तीन दिवसांत ओलावा किंवा बीएफची तक्रार आल्यास माल बदलून मिळावा, बाकी कितीही असली तरी."

शेवटची ओळ स्वातीताईंमुळे.

---

स्वाती_सोलापूर

छान झालंय. मी असं काही कागदावर घेतलंच नव्हतं, सगळं व्हॉट्सअॅपवर.

---

घाटमाथा

एवढा खटाटोप का? बँकेकडे सीझनपुरती जादा लिमिट मागा. डीलरच्या बिलाखाली उशिराला २४ टक्के व्याज छापलेलं असतं, बँक त्याच्या निम्म्यात देते.

---

टॅलीवाला

मागावीच, दोन्हीकडे. पण बँक स्टॉक आणि येणी बघून पैसे काढू देते, आणि ९० दिवसांच्या वरची येणी सहसा त्यात धरत नाही. यांची द्राक्षाची येणी नेमकी त्याच काठावर आहेत. शिवाय डीलरची बाकी वाढली की स्टॉकमधून ती वजा होते. उधारीच्या मालावर बँक पुन्हा पैसे देत नाही.

---

पुठ्ठेवाला_नाशिक

जाऊन आलो. शेठने कागद दोनदा वाचला, पॅकहाऊसच्या तारखांवर बोट ठेवून प्रश्न विचारले. मंदीचा म चर्चेत आला नाही. त्याला मिलकडून कॅश डिस्काउंट आहे, म्हणून ६० ला तयार नाही. जादा मालाला ४५ दिवस द्यायला तयार आहे, जीएसटी ३० दिवसांत, रेट तोच. रील बदलून द्यायची अट मान्य, पण तीन नाही, दोन दिवसांत सांगायचं. बाकीची मर्यादा मात्र २० लाख. आणि तीन कोरे चेक सही करून मागतो आहे. ५० पैशांचा पत्ता अजून खिशात आहे. हो म्हणू का?

---

टॅलीवाला

थांबा. ४५ दिवस आणि २० लाख एकत्र बसत नाहीत. नेहमीचे साडेआठ, जादा मालाची मूळ रक्कम दीड महिन्याची १०.८०, जीएसटी १.३०. वीस लाख साठ हजार. जानेवारीच्या मध्यापासून दर महिन्याला शेवटची गाडी साठ हजारांसाठी अडेल, आणि तेव्हाच पॅकहाऊस पेट्यांसाठी फोन करत असेल. कागदाचा रेट दोन रुपयांनी चढला तर त्याहून आधी. मर्यादा २२ लाख करून घ्या.

---

मधुकाका

२३ मागा, २२ ला थांबा. मी असतो तर ५० पैशांचा पत्ता दिवसांसाठी न वापरता या मर्यादेसाठी वापरला असता.

कोरे चेक देऊ नका. प्रत्येक चेकवर तारीख, रक्कम, डीलरचं नाव टाका आणि मागे बिल नंबर. सोबत एक पत्र द्या, कोणता चेक कोणत्या बिलाचा ते लिहून, आणि त्याच्या प्रतीवर शेठची सही घ्या. बिल दुसऱ्या मार्गाने चुकतं केलं की तो चेक त्याच दिवशी परत मागा. चेक परत गेला तर १३८ ची केस होते, आणि "तो फक्त सिक्युरिटीचा होता" म्हटल्याने सुटका होईलच असं नाही.

---

रंगारी_भोसरी

तारीख टाकलेला चेक दिला आणि पॅकहाऊसचे पैसे दहा दिवस पुढे गेले तर? कोऱ्या चेकवर शेठला निदान फोन करून विचारावं लागेल. तारखेचा चेक तो गुपचूप बँकेत टाकून मोकळा होईल.

---

मधुकाका

कोरा चेकही तो फोन न करता भरून टाकू शकतो, त्यावर आकडा कोणता टाकेल तेही त्याच्याच हातात. पण तुमची शंका खरी आहे. माझ्याकडे काही पार्ट्या ४५ दिवसांच्या बिलाला ५० दिवसांची तारीख टाकतात, मी घेतो. सगळे डीलर घेतीलच असं नाही.

---

पुठ्ठेवाला_नाशिक

उद्या पुन्हा जातोय. २३ लाख, भरलेले चेक, पाच दिवस पुढची तारीख. चेकवर अडला तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.